एकच पाठ, ३८ मुलं: 'पदार्थ का नासतो' हा पाठ सगळ्यांपर्यंत कसा पोचवावा?

खडू_आणि_फळा

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात ३८ मुलं. येत्या सोमवारी परिसर अभ्यासात 'पदार्थ का नासतो आणि तो टिकवतात कसा' हा भाग घ्यायचा आहे. तास ३५ मिनिटांचा, जोडून घेतले तर दोन तास मिळतील.

वर्गात दोन मुलांना डिस्लेक्सिया आहे, दोघांकडे प्रमाणपत्र आहे. त्यातल्या एकाला आपण 'स' म्हणू. स तोंडी प्रश्नांना सगळ्यांच्या आधी उत्तर देतो. पण पुस्तक उघडलं की एक परिच्छेद वाचायला त्याला पाच-सहा मिनिटं लागतात आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. दुसऱ्या टोकाला चार मुलं अशी आहेत की मी "पान उघडा" म्हणेपर्यंत त्यांचा पाठ वाचून झालेला असतो, मग ती उरलेला तास खिडकीबाहेर बघत काढतात.

आजवर मी तीन गट करून तीन कागद देत आले. सोपा, मधला, अवघड. परवा स ने त्याचा कागद पालथा घातला आणि म्हणाला, "बाई, हा लहान मुलांचा आहे." त्या कागदावर 'चित्रांची नावे लिहा' एवढंच होतं. त्याचं म्हणणं खरं होतं. तेव्हापासून मला चैन नाही.

एकच पाठ या सगळ्यांसाठी कसा बदलायचा? ज्यांनी वर्गात केलं आहे त्यांनी काय केलं ते सांगा.

निवृत्त_हेडसर

बाई, तुमची तळमळ पोचली. पण तीन गट करण्यात चूक काय? ज्याची जेवढी पोच तेवढं त्याच्या ताटात वाढावं. आणि वाचता येत नसेल तर त्यावर वाचन हाच उपाय. माझ्या वर्गात रोज पाच मुलं उभी राहून मोठ्याने वाचत. सुरुवातीला अडखळत, मग सरावाने सुटत. ३१ वर्षांत बरीच मुलं अशी सुटलेली पाहिली आहेत.

लेथवाला

सर, मी त्या न सुटलेल्यांपैकी एक.

आमच्या वर्गातही रांगेने वाचन असायचं. मी बाकं मोजायचो. माझ्या आधी सहा मुलं म्हणजे माझ्या वाट्याला सातवा परिच्छेद. मग तो सातवा परिच्छेद मनात घोकत बसायचो. पहिल्या सहा मुलांनी काय वाचलं ते मला कधीच कळलं नाही, कारण माझं लक्ष तिथे नव्हतंच. आणि मध्ये एखादा गैरहजर असला की माझा हिशोब चुकायचा, सहावा परिच्छेद वाट्याला यायचा आणि मी गप्प उभा राहायचो. गुरुजी म्हणायचे अभ्यास करत नाही.

आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग बघून जॉब काढतो, मायक्रॉनमध्ये मोजतो. पण बँकेचं पत्र आलं की अजून बायकोकडून वाचून घेतो. बाईंच्या स सारखंच माझं होतं. मला विचारलं असतं तर सगळं सांगता आलं असतं. कोणी विचारलं नाही.

पिवळा_कंदील

डिस्लेक्सियात अक्षरं उलटी दिसतात ना? मी एका कार्यक्रमात ऐकलं होतं की पुस्तकावर पिवळा पारदर्शक कागद ठेवला की अक्षरं हलायची थांबतात. दहा रुपयांना मिळतो. बाईंनी तो करून बघावा, बाकी काही बदलायला नको. अक्षर मोठं केलं तरी फरक पडतो म्हणतात.

रानजाई

मी विशेष शिक्षिका आहे, एका केंद्रातल्या शाळांवर फिरते. हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पिवळा_कंदील यांच्याबद्दल. मोठं अक्षर, मोकळी जागा याचा उपयोग होतो, ते बरोबर. पिवळ्या कागदाने डिस्लेक्सिया कमी होतो असा भरवशाचा पुरावा नाही. मूळ अडचण डोळ्यांत नसते. ऐकलेल्या शब्दाचे आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी झटपट जोडणं, इथे गाडी अडते. मराठीत ती कुठे अडते ते बाईंच्याच पाठातल्या शब्दावरून बघा. 'पदार्थ'. यातला र आपण थ च्या आधी उच्चारतो, पण लिहितो थ च्या डोक्यावर. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या मुलाला थ आधी भेटतो आणि र नंतर. म्हणून ते 'पदाथर' म्हणतं. 'टिकवणे' घ्या. पहिली वेलांटी ट च्या आधी दिसते आणि उच्चार ट च्या नंतर येतो. 'सूक्ष्मजीव' मध्ये तर क, ष, म एकाच गाठीत बांधलेले. बाकीची मुलं या गाठी दुसरी-तिसरीत न कळत सोडवतात. स ला प्रत्येक गाठ दर वेळी नव्याने सोडवावी लागते. त्यात सगळी ताकद जाते, मग अर्थासाठी काय उरणार?

आता बाईंच्या प्रश्नाकडे. तीन कागदांत गडबड अशी झाली की वाचन अवघड म्हणून तुम्ही विचारही सोपा केलात. स ला विचार सोपा नको आहे, त्याला वाट सोपी हवी आहे. म्हणून पाठ बदलण्याआधी एका वाक्यात लिहून काढा: तासाच्या शेवटी प्रत्येक मुलाला काय कळलेलं हवं? या पाठासाठी मी असं लिहीन: 'सूक्ष्मजीवांना वाढायला पाणी, ऊब आणि अनेकांना हवा लागते. पदार्थ टिकवताना आपण यातलं काहीतरी काढून घेतो किंवा सूक्ष्मजीवच मारतो. नवा पदार्थ दाखवला तर मूल काय काढून घेतलंय ते ओळखतं.' हे वाक्य सगळ्या ३८ मुलांसाठी एकच. यात 'वाचून दाखवतं' असं कुठेही नाही. म्हणजे या तासापुरतं वाचन हा रस्ता झाला, मुक्काम नाही. रस्ते तीन-चार ठेवा. मुक्काम बदलू नका.

निवृत्त_हेडसर

रानजाई, पटण्यासारखं आहे, पण एक शंका राहते. परिसर अभ्यासात रस्ता बदलला, इतिहासात बदलला, मग वाचायला तो शिकणार कधी? दहावीनंतरही कोणीतरी वाचून दाखवणार आहे का?

रानजाई

सर, शंका रास्त आहे. वाचन शिकवायचंच, पण वेगळ्या वेळी आणि वेगळ्या पद्धतीने. रोज १५-२० मिनिटं, एका वेळी एकच गाठ. एक आठवडा फक्त रफार: आधी सर्प, पर्ण, अर्थ, मग पदार्थ. आवाज बोटांवर मोजायचे, मग अक्षरं जुळवायची, मग लिहायचं. नुसतं पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून ही गाठ सुटत नाही, लेथवाला यांनी लिहिलंच आहे. आणि ती सुटेपर्यंत मुलाचं विज्ञान थांबवून ठेवायचं का? दोन वर्षं थांबवलं तर सातवीत वाचता येईल, पण वाचलेलं समजायला लागणारी माहितीच डोक्यात नसेल.

बरणीभर_खार

विषय मुलांचा आहे, मान्य, पण पाठ वाचून तोंडाला पाणी सुटलं. माझ्याकडून एक प्रश्न वर्गात विचारा: वाळलेला पापड वर्षभर टिकतो, मग तळलेला पापड तासाभरात का सादळतो? आणि सादळलेला पापड नासलेला म्हणायचा का? आमच्या घरी यावर दर रविवारी वाद होतो आणि तो मिटेपर्यंत पापड संपलेले असतात.

सोलां_आनी_खारें

गोंयचा माणूस आलाय म्हणून सांगतो, आमसुलांना विसरू नका. रातांब्याची सालं रसात बुडवून उन्हात घालायची, असं पुन्हा पुन्हा. ओलं करून वाळवायचं. त्यात आंबटपणाही टिकवायचं काम करतो, तो रानजाईंच्या वाक्यात नाही. आणि सुके बोंबील, बांगड्याचं खारें. मीठ आणि ऊन दोन्ही एकदम. पावसाच्या दिवसांत होड्या बंद असतात तेव्हा घर त्यावर चालतं.

काळजीत_आई

मला पण विचारायचं होतं. माझी मुलगी सिनियर केजीत आहे, b आणि d उलटं लिहिते, ७ उलटा काढते. तिला डिस्लेक्सिया असेल का? चाचणी कुठे करायची? शाळेतल्या बाईंनी काळजीचं आहे म्हटल्यापासून झोप नाही.

रानजाई

ताई, या वयात उलटी अक्षरं खूप मुलं काढतात. एवढ्यावरून काही ठरत नाही, झोपा निवांत. प्रमाणपत्राची चाचणी साधारण आठ वर्षांच्या आसपास, म्हणजे तिसरीच्या सुमाराला करतात, कारण त्याआधी वाचन पुरेसं शिकवूनच झालेलं नसतं. तोपर्यंत डोळे आणि कान तपासून घ्या, यमक जुळवणं, शब्दाचा पहिला आवाज ओळखणं असे खेळ घ्या. नात्यात कोणाला वाचनाची अडचण असेल तर लक्ष जरा जास्त ठेवा. बाकी नव्या धाग्यात विचारा, तिथे लिहीन.

सातवी_ब

धागा स च्या बाजूला झुकला. बाईंच्या त्या चार खिडकीवाल्यांबद्दल कोणी बोलत नाही. मी त्यांच्याबद्दल लिहिते, कारण माझ्या हातून या मुलांचं नुकसान झालेलं आहे.

मी अशा मुलांना दोन कामं द्यायचे. एक, जास्तीचे प्रश्न. बाकीच्यांनी पाच लिहायचे, त्यांनी दहा. त्यांना लवकरच कळलं की लवकर संपवलं की शिक्षा होते, मग ती मुद्दाम हळू लिहू लागली. दुसरं, कच्च्या मुलांना शिकवायला बसवायचे. त्यात एका मुलीच्या आईने मला विचारलं, "माझी मुलगी वर्षभर शिकवते आहे, ती शिकते कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मी त्यांना जास्त काम देत नाही, अडणारं काम देते. म्हणजे पाठात जे सांगितलंय त्याला न जुमानणारं एक उदाहरण. या पाठासाठी माझ्याकडे तयार आहे: जॅम. पाठ म्हणतो पाणी काढा म्हणजे पदार्थ टिकेल. जॅम तर ओला असतो, बोट घातलं की चिकटतो, बरणी उघडल्यावरही लगेच नासत नाही. मग पाठ चुकला का? मध घ्या. तोही पातळ. पण मधात पाणी घालून ठेवलं की फसफसतो. मुलांनी पुस्तकात शोधून हे सापडत नाही, विचारच करावा लागतो. उत्तर असं की जॅममध्ये निम्म्याहून जास्त साखर असते. पाणी आहे, पण साखरेने धरून ठेवलंय, सूक्ष्मजीवांच्या वाट्याला येत नाही. मीठ लोणच्यात हेच करतं.

बरणीभर_खार

म्हणजे कैरीच्या फोडींना मीठ लावलं की रात्रीत पाणी सुटतं ते हेच! आणि तेलाचा तवंग वर का हवा तेही कळलं, हवा अडवायला.

खडू_आणि_फळा

किती मनापासून लिहिताय सगळे. रानजाईंच्या सल्ल्याप्रमाणे वाक्य लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं. आता कागदाचं बघते आहे. मी मजकूर स्वतः लिहिलाय, त्यातलं एक वाक्य असं झालं:

'पदार्थातील पाण्याच्या अंशामुळे व वातावरणातील उष्णतेमुळे सूक्ष्मजीवांची वाढ झपाट्याने होऊन पदार्थ खराब होतो, म्हणून ते टिकवण्यासाठी वाळवणे, खारवणे, हवाबंद डब्यात ठेवणे अशा पद्धती वापरल्या जातात.'

हे स साठी सोपं कसं करू? सूक्ष्मजीव ऐवजी 'किडे' लिहू का?

रानजाई

किडे नको. शब्द काढला की संकल्पनाही जाते, आणि परीक्षेत शब्द सूक्ष्मजीवच येणार. वाक्य मोडा, शब्द ठेवा:

'पदार्थात पाणी असतं. बाहेर ऊब असते. अशा जागी सूक्ष्मजीव भराभर वाढतात. मग पदार्थ नासतो. पदार्थ टिकवायचा तर यातलं काहीतरी काढून घ्यावं लागतं. मिरच्या वाळवल्या की पाणी जातं. फ्रीजमध्ये ठेवलं की ऊब जाते.'

मुख्य मुद्दा कमी केलेला नाही, फक्त खारवणे आणि हवाबंद डबा ही उदाहरणं तोंडी घ्या. आणि हा कागद फक्त स ला देऊ नका, सगळ्या वर्गाला हाच द्या. तुमचं मूळ वाक्य मधल्या मुलांनाही जड आहे.

अवघड शब्द पाच-सहाच निवडा आणि वाचनाच्या आधी फळ्यावर घ्या. सू-क्ष्म-जी-व असे तुकडे पाडून खाली कमानी काढा, टाळ्या वाजवून म्हणून घ्या. लांब शब्दांनाही कमानी काढा. मराठीत प्रत्यय चिकटून 'बरणीतल्यासारखं' असे डबे जोडत जातात, त्यात बरणी कुठे संपते तेच मुलाला दिसत नाही.

जुळणीकार

मी छापखान्यात आहे, मांडणीचं काम करतो. कागदाबद्दल माझ्याकडून. मराठीला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, अक्षर १६ ते १८ पॉइंट. मजकूर डावीकडून सरळ ठेवा, उजवी कड सोडून द्या. दोन्ही कडा सरळ करायला गेलात की शब्दांमध्ये वेड्यावाकड्या फटी पडतात आणि नजर घसरते. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका. मुक्त हा फॉन्ट फुकट मिळतो आणि जोडाक्षरं स्पष्ट आहेत. घ-ध, भ-म, थ-य नीट वेगळे दिसतात का ते आधी छापून बघा, पडद्यावर कळत नाही.

दोन_शिक्षकी_शाळा

सगळं वाचतोय. आमच्याकडे चार वर्ग आणि आम्ही दोघं. प्रिंटर तालुक्याला. रंगीत कागद, मोकळी छपाई, चार रस्ते हे कोण आणि कधी करणार? रागावून लिहीत नाही, पण असे सल्ले वाचले की आपण कमी पडतोय असं वाटत राहतं. शिवाय माझ्या वर्गात न वाचणारी सात मुलं आहेत, त्यांच्या घरी पावरी बोलतात. त्यांना डिस्लेक्सिया आहे की मराठीच नवीन आहे, हे मला कोण सांगणार?

रानजाई

दादा, दुसऱ्या प्रश्नाचा एक कच्चा अंदाज वर्गातच घेता येतो. एक छोटा परिच्छेद मुलाला स्वतः वाचू द्या आणि तीन प्रश्न विचारा. मग तेवढाच अवघड दुसरा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि तीन प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं आली आणि वाचून नाही, तर अडचण अक्षरं सोडवण्यात आहे. दोन्हीकडे आली नाहीत, तर भाषा किंवा विषय नवा आहे, मग वाचून दाखवून भागणार नाही. तेव्हा वस्तू हातात द्या, त्यांच्या बोलीतला शब्द विचारा. हे निदान नव्हे, पण सोमवारी काय करायचं ते ठरवायला पुरतं. आणि अक्षरं सोडवण्यात अडचण म्हणजे लगेच डिस्लेक्सिया असंही नाही, कधी कधी शिकवलेलंच नसतं.

वेळ आणि माणसं या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात सात वाक्यं लिहिली तरी निम्मं काम होतं, एवढंच म्हणेन.

दोन_शिक्षकी_शाळा

ऐकून-वाचून हे करून बघतो. फळा आहे आमच्याकडे, मोठा आहे.

खडू_आणि_फळा

मंडळी, पाठ झाला. काय झालं ते सांगते, चुकलेलंही.

आदल्या बुधवारी वर्गासमोर पावाचे दोन तुकडे ठेवले. एक पाणी शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत बंद, एक तव्यावर कडक भाजून कागदात. सोमवारपर्यंत पहिल्यावर हिरवी-काळी बुरशी, दुसरा तसाच कडक. पिशवी उघडायची नाही हे बजावून फिरवली. म्हणजे पहिला प्रश्न वाचायला लागलाच नाही, सगळ्या ३८ जणांनी एकदम पाहिला. "भिजलेला का नासला?" यावर दहा मिनिटं बोललो.

मग फळ्यावर पाच शब्द, कमानी आणि टाळ्या. मग कागद. जुळणीकारांच्या मापाने एकच कागद सगळ्यांना दिला. बाजूच्या टेबलावर माझा जुना मोबाईल ठेवला होता, त्यात मी तोच मजकूर वाचून ठेवला होता. ज्याला हवं त्याने तिथे जाऊन ऐकत वाचायचं, नाव घेऊन कोणाला पाठवलं नाही. मला वाटलं फक्त स जाईल. सहा जण गेले, त्यातली एक तर माझ्या त्या चार पटपट वाचणाऱ्यांपैकी! तिला म्हणे ऐकायला आवडतं. त्यामुळे त्या टेबलाला कोणतंच लेबल लागलं नाही.

इथे पहिली चूक. मी नेहमीच्या वेगाने वाचलं होतं. स चं बोट दुसऱ्या ओळीवर आणि आवाज चौथ्या ओळीवर. त्याने बोट काढून घेतलं आणि नुसतं ऐकलं. आता पुन्हा वाचून ठेवणार आहे, वाक्यागणिक थांबत.

मग प्रत्येक गटाला आठ वस्तू: वाळलेली मिरची, लोणचं, सुका बोंबील (त्यावरून पाच मिनिटं दंगा), दूध पावडर, गूळ, आमसूल, कुरडई आणि एका बशीत जॅम. प्रत्येकीसमोर 'काय काढून घेतलं?' त्याची चिठ्ठी ठेवायची: पाणी, ऊब, हवा, आणि एक कोरी. उत्तर सांगायचं, काढायचं की लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. गुण कारणाला, शुद्धलेखनाला या तासात नाही. जॅम कुठेच बसेना. पटपट वाचणारी एक मुलगी कागद पुन्हा पुन्हा वाचत होती आणि म्हणत होती, "बाई, यात लिहिलेलंच नाही." स म्हणाला, "आई कैरीला मीठ लावते तेव्हा कैरीतलं पाणी बाहेर येतं. साखर पण तसंच करत असेल. पाणी हाय, पण साखरेने पकडलंय." त्या मुलीने कोऱ्या चिठ्ठीवर 'पाणी पकडलं' लिहून ती बशीसमोर ठेवली. मग तीच म्हणाली की आता मधाचं बघू.

दुसरी चूक. जोड्यांमध्ये वाचायला लावलं तिथे एका जोडीत वाचणाराच उत्तरं देत राहिला. डिस्लेक्सिया असलेला माझा दुसरा मुलगा पूर्ण तास गप्प बसला. तो स सारखा बोलका नाही आणि मी हा पाठ स ला डोळ्यांसमोर ठेवून बेतला होता. तासानंतर त्याला एकट्याला वस्तू दाखवल्या, तर आठपैकी सहा बरोबर सांगितल्या. म्हणजे कळलं होतं, माझ्यापर्यंत आलं नव्हतं.

निवृत्त_हेडसर

बाई, स ने कागद स्वतः वाचला का शेवटी?

खडू_आणि_फळा

नाही सर. 'पदार्थ' आता बरोबर वाचतो, 'सूक्ष्मजीव' अजून अडतो. वहीत तीन ओळी लिहिल्या, त्यातला 'पाणी' दोन वेगवेगळ्या वेलांट्यांनी. त्याच्यासाठी रोज मधल्या सुट्टीआधी १५ मिनिटं काढली आहेत, कालपासून रफार सुरू. सर, तुम्ही विचारताय ते मी विसरलेले नाही.

निवृत्त_हेडसर

मग ठीक. आणि माझं एक मागे घेतो. वर्गात उभं करून वाचायला लावण्याबद्दल. लेथवाल्यांचं बाकं मोजणं वाचल्यापासून माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं आठवली, त्यांना मी आळशी समजलो होतो. मोठ्याने वाचायला हवंच असेल तर?

रानजाई

तर परिच्छेद आदल्या दिवशी सांगा, घरी चार वेळा वाचून येऊ दे. आणि हात वर केलेल्यालाच उठवा.

लेथवाला

आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी रात्रभर घोकून आलो असतो, सर. खरंच आलो असतो.

सातवी_ब

बाई, त्या दुसऱ्या मुलासाठी: जोडीत नियम लावून बघा. वाचणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, ऐकणाऱ्याने द्यायचं, दर परिच्छेदाला अदलाबदल. आणि अदलाबदल झाली की त्याच्या वाट्याला दोनच वाक्यं येतील असं बेता, आदल्या दिवशी दिलेली.

खडू_आणि_फळा

हे करते. पुढचा पाठ नकाशाचा आहे, दिशा आणि सूचीतली चिन्हं. तिथे मजकूर कमी, म्हणून मला वाटलं होतं सोपं जाईल. पण दुसऱ्या मुलाला डावं-उजवंही गोंधळतं. कोणी नकाशा असा शिकवलाय का?

सोलां_आनी_खारें

मैदानात चुन्याने आखून, मुलांना त्यावर चालवून. आमच्या बाईंनी केलं होतं. उत्तरेला शाळेची विहीर होती, ती अजून लक्षात आहे.